पळसाच्या पाण्यात चुना नको

पळसाची फुलं उकळून केलेलं पाणी पातेल्यात छान केशरी दिसतं, पण अंगावर पडलं की फिकट पिवळं होऊन जातं. मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "जरा चुना टाक की त्यात, रंग कसा उठतोय बघ." सांगणारी आजी चुकीचं सांगत नसते. पळसातली रंगद्रव्यं अल्कलीत गडद होतात आणि चिमूटभर चुन्याने ते पाणी खरंच तांबूस होतं. आपल्या भागात चुना शोधायलाही लागत नाही. निपाणी हा तंबाखूचा पट्टा. तिथून बेळगावपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या खिशात, खिडकीत किंवा देवळीत चुन्याची डबी असतेच. मोठ्यांच्या रंगात तो वर्षानुवर्षं पडत आला आहे. पण खेळणारं पोर दीड-दोन वर्षांचं असेल, तर नैसर्गिक रंगातली सगळ्यात धोक्याची वस्तू हीच.

चुन्याच्या निवळीचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो. पीएच सातला पाणी ना आम्ल ना अल्कली; तिथून वर जाताना प्रत्येक आकड्याला तीव्रता दहा पटींनी वाढते. डोळ्यात आम्ल गेलं तर पृष्ठभागावरची प्रथिनं साखळतात आणि निदान काही वेळ तरी त्यांचाच एक अडसर तयार होतो. अल्कली तसं थांबत नाही. पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाचा ती अक्षरशः साबण करते आणि आत उतरत जाते. त्यात चुन्याचे कण पापणीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि तिथून हळूहळू विरघळत राहतात. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडणं, ही आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगलीच परिचित असलेली इजा आहे. बादलीभर पाण्यातल्या चिमटीने एवढं होणार नाही, हे मान्य. पण ती चिमूट घालायची म्हणून डबी उघडी राहते, तळाशी न विरघळलेला साका बसतो, आणि पोराचा हात आधी जातो तो तळाशीच.

म्हणून तान्ह्या-रांगत्या मुलासाठी रंग करायचा तर फिकट पिवळ्यावर समाधान मानायचं. लहान मुलाला रंगाच्या गडदपणाचं काही नसतं. त्याला पाणी उडवायचं असतं.

पळस बेळगावभोवतीच्या माळांवर, बांधांवर फेब्रुवारीपासून फुलतो; कन्नड बोलणारे शेजारी त्याला मुत्तुग म्हणतात. त्याच दिवसांत पांगाराही लाल होतो, आणि दोघांचीही पानं तीन-तीन दलांची असल्याने गल्लत होते. फरक पाहायचा तो खोडावर आणि फुलाच्या देठाशी. पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात, पळसाला नसतात. पळसाच्या फुलाच्या बुडाशी काळपट तपकिरी, मखमली वाटी असते आणि पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. पांगाऱ्याच्या बियांत आणि सालीत विषारी अल्कलॉइड असतात, त्यामुळे ओळख पक्की नसेल तर ते फूल घरी आणायचंच नाही. रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेली फुलंही सोडून द्यावीत. त्यांवर धूळ असते, एक रात्र ओलीत पडलेली असतील तर बुरशीही असते. सकाळी गळालेली, अजून ताठ असलेली फुलं चालतात.

दोन मोठ्या ओंजळी फुलं घ्या. पाकळ्या खुडा आणि ती मखमली वाटी आणि केसर टाकून द्या. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण फुलं तशीच पातेल्यात लोटतात. पण ती मखमल म्हणजे बारीक लव असते. पाण्यात सुटलेली लव पोराच्या मानेच्या वळीत अडकली की खाज सुटते आणि दोष मात्र रंगाला मिळतो. पाकळ्या दोन पाण्यांनी धुवा, कारण त्यांत मुंग्या असतात. मग साधारण दोन लिटर पाण्यात टाकून उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि झाकून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी स्वच्छ मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. पातेलं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत रंग काळपट होतो. हे पाणी त्याच दिवशी वापरायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. फुलांचा काढा म्हणजे जंतूंना जेवणच. दुसऱ्या दिवशी आंबूस वास येऊ लागला की ते पोराच्या तोंडाजवळही नेऊ नये. ताजं असतानाही ते औषध नव्हे, पिण्याचं सरबत नव्हे. एखादा घोट गेला तर घाबरण्याचं कारण नाही, एवढंच.

हळद दुसऱ्या स्वभावाची. पळसाचा रंग पाण्यात उतरतो, हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. हळदीचं पाणी थोडा वेळ ठेवलं की पिवळा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी फिकट राहतं. यावरूनच भेसळीचा पहिला इशारा मिळतो. पेल्यात पाणी घेऊन वर चमचाभर हळद सोडा, ढवळू नका. अस्सल हळद हलकासा पिवळा रंग सोडत तळाशी जाते. पाणी काही मिनिटांत गर्द पिवळं झालं तर त्यात कृत्रिम रंग असण्याची शंका घ्यावी. लेड क्रोमेट नावाच्या शिसेयुक्त पिवळ्या रंगाने हळकुंडं झळकवण्याचे प्रकार उपखंडात उघडकीला आलेले आहेत, आणि हात सतत तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात शिसं जायला नको. अख्खी हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेतली तरी हा धोका टळत नाही, कारण तो रंग हळकुंडांवरच चढवलेला असतो. ही पेल्यातली परीक्षाही शिसं पकडेलच असं नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते.

हळदीची कोरडी पूड उडवायची नाही. कुठलीच कोरडी पूड या वयात उडवायची नाही. कॉर्नफ्लॉवर असो वा तांदळाची पिठी, बारीक भुकटी श्वासात गेली की दोन वर्षांच्या मुलाला ठसका लागतो, आणि दम्याचा कल असेल तर संध्याकाळी घरघर सुरू होते. बेसन आणखी वाईट, ते रवाळ असतं आणि डोळ्यात गेलं की खरखरतं. त्याऐवजी पीठ ओलं करावं. चार चमचे अगदी बारीक चाळलेली तांदळाची पिठी, पाव चमचा हळद आणि पळसाचं पाणी घालून दह्याइतपत घट्ट लापशी केली की ती बोटाने गालावर लावता येते आणि उडत नाही. गुलाबी हवा असेल तर बीट किसून पिळा आणि रसात तिप्पट पाणी घाला. पोराने तो रस चाखला तर दुसऱ्या दिवशी लंगोटात लालसर शी किंवा शू दिसू शकते. ते रक्त नव्हे, पण बीट खाल्लं होतं की नाही हे आठवून मगच तसं ठरवा. बिटाशी संबंध नसताना लाल दिसलं तर डॉक्टरकडे जायचं.

हिरव्यासाठी मेंदी सुचवली जाते. लहान मुलाला मेंदी टाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. काही मुलांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळांना मेंदीतल्या लॉसोन या रंगद्रव्यामुळे पेशी फुटून गंभीर रक्तक्षय झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्या मुलाला ही कमतरता आहे का, हे बहुतेक घरांना माहीत नसतं. आणि काळी मेंदी तर नावालाच मेंदी. तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असू शकतं. हिरवा रंग नसला तरी काही बिघडत नाही.

बाजारातल्या हिरव्या रंगाबद्दल एक गोष्ट मात्र ठाऊक असावी. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००७ साली होळीच्या रंगांतला मॅलाकाइट ग्रीन हा कापड-उद्योगातला रंग आणि त्याचा डोळ्यावरचा घातक परिणाम यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. पाकिटावर 'हर्बल' लिहिलेलं असलं तरी आत काय आहे, हे लेबलावरून कळेलच असं नाही. शेजारणीने प्रेमाने आणून दिलेला गुलाल नाकारताही येत नाही. अशा वेळी हळदीचा एक कागद निदान अर्धं उत्तर देतो.

औषधाच्या दुकानातलं स्पिरिट दोन-तीन चमचे घ्या, त्यात अर्धा चमचा हळद घाला, थोडा वेळ ठेवून वरचं पिवळं पाणी निथळून घ्या. स्पिरिट हवं, कारण कुर्कुमिन त्यात उतरतं. ते पोरापासून आणि शेगडीपासून लांब ठेवा. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून वाळवा. आधी एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकून पाहा. ती विटकरी लाल होते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. पट्टी नीट काम करते, हे कळलं. आता चिमूटभर गुलाल चमचाभर पाण्यात कालवून निवळू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या पट्टीवर टेकवा. ओल्या डागाची कडा लालसर तपकिरी झाली तर त्या रंगात सोडा, चुना किंवा तसंच काहीतरी आहे, तो पोराच्या अंगाला नको. कडा पिवळीच राहिली तर अल्कली नाही, एवढंच सिद्ध झालं. मॅलाकाइट ग्रीन, शिसं, काचेसारखी चमचम हे काहीही हा कागद दाखवत नाही. आणि लाल गुलालाचं पाणीच लाल असेल तर वाचायचं कसं, हाही प्रश्न राहतो. म्हणून पास झालेला गुलालही पोराच्या कपड्यांवर टिकलीएवढाच लावून शेजारणीचं मन राखावं, गालावर घरची लापशी.

त्वचेची तयारी दोन-तीन दिवस आधीपासूनची आहे. पळसाचं पाणी आणि लापशी दोन्ही मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लावा, पंधरा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस पाहा. दोन दिवस यासाठी, की स्पर्शाने होणारी अ‍ॅलर्जी तासाभरात नाही, तर एक-दोन दिवसांनी उमटते. पहिल्याच संपर्कात अ‍ॅलर्जी तयार होत असेल तर ही चाचणी ती दाखवत नाही, ही तिची मर्यादा. ज्या मुलाला एक्झिमा आहे, गुडघ्यामागे-कोपरात सतत खरबरीत लाल चट्टे असतात, त्याच्या अंगाला कुठलाच रंग लावू नये. त्याला पळसाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं आणि भिंतीवर टांगलेला कागद द्या.

खेळायच्या अर्धा तास आधी खोबरेल तेलाचा पातळ हात कानामागे, मानेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला फिरवा. पातळच. थापलेल्या तेलाला पीठ आणि धूळ चिकटून बसते. मोहरीचं तेल लहान मुलाला झोंबू शकतं. भुवया, पापण्यांच्या बाहेरची कडा आणि ओठ यांना पेट्रोलियम जेलीचा हलका थर पुरतो. डोळ्यात काजळ घालू नका, कारण काही काजळांत शिसं असतं आणि ओलं काजळ पुडीला धरून ठेवतं. नखं आदल्या रात्री कापा, कारण डोळ्यात काही गेलं की पोर ते चोळतंच.

आता उद्यमबागेचा प्रश्न. बेळगावची ही औद्योगिक वसाहत म्हणजे फाउंड्री आणि मशीन-शॉपची. अनगोळ आणि मजगावची घरं तिला लागूनच आहेत. धूळवडीला पोरांचा एक घोळका कारखान्याच्या रंगाच्या डब्यातून सिल्व्हर, रेड ऑक्साइड किंवा ग्रीस घेऊन निघालेला दिसतो. लहान मुलाला त्यांच्यापासून वाचवायचं तर दारातच घोळक्याला सामोरं जायचं आणि खेळ मागच्या अंगणात, सकाळी लवकर उरकायचा. पण एखाद्या मामाने प्रेमापोटी सिल्व्हरचा हात गालावरून फिरवलाच, तर शॉपमधली सवय आडवी येते. तिथे हात रॉकेल, डिझेल नाहीतर थिनरने आणि वेस्टने पुसतात. पोराच्या गालावर ते कधीही नाही. रॉकेल पातळ कातडीला पोळतं आणि त्याचा एखादा थेंब तोंडातून फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखी गंभीर सूज येते. सिल्व्हर ऑइल पेंटचा, म्हणून तेलानेच सुटतो. खोबरेल तेलात बुडवलेला कापसाचा बोळा गालावर दोन मिनिटं नुसता ठेवा, मग एकाच दिशेने पुसा आणि नवा बोळा घ्या. सगळं एका बैठकीत काढायचा हट्ट धरू नका. उरलेला थर तीन-चार दिवसांत कातडीबरोबर आपोआप जातो. डोळ्याच्या अगदी कडेला लागला असेल तर तिथे घरी काहीच करू नका, डॉक्टरकडे न्या.

आणि बादली. रंगाच्या पाण्याने अर्धी भरलेली बादली पाहून पोर वाकतं, डोकं जड असल्याने तोल जातो, आणि त्याला आवाजही करता येत नाही. अशा बादलीत काही इंच पाणीही बुडायला पुरतं. पोरासाठी उथळ परात, आणि कुणी शेजारी बसलेलं नसेल तेव्हा रिकामी परात.

डोळ्यात पळसाचं पाणी किंवा लापशी गेली, तर मूल रडतं आणि रडण्यानेच बरंचसं बाहेर येतं. तरीही धुवावं. मुलाला टॉवेलात हातांसह गुंडाळून कुशीवर असं निजवा की रंग गेलेला डोळा खाली राहील. पिण्याचं कोमट-गार पाणी पेल्यातून किंवा सुईशिवायच्या सिरिंजने नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे सोडत राहा. असं केल्याने घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. एकाने मूल धरायचं, दुसऱ्याने पापणी अलगद उघडायची. साध्या रंगाला पाच-दहा मिनिटं बहुधा पुरतात. चुना किंवा अनोळखी रंग असेल तर निदान अर्धा तास, घड्याळ लावून, आणि धुता-धुताच दिसणारे कण ओल्या कापडाच्या टोकाने टिपून. लिंबू, व्हिनेगर, मध, तूप, गुलाबपाणी, आईचं दूध, घरात पडलेले जुने ड्रॉप्स यांपैकी काहीही नाही. अल्कलीवर आम्ल ओतलं तर उतारा होत नाही, उष्णता आणि दुसरी जखम होते. पाणी हाच उपाय, आणि तोही लगेच. बेळगावच्या सिव्हिलला किंवा केएलईला जायचं असलं तरी आधी इथे धुऊन, मग वाटेत धूत. १०८ला फोन एकाने करायचा, धुणं दुसऱ्याने थांबवायचं नाही.

चुना गेला असेल तर धुऊन झाल्यावर मूल शांत दिसलं तरी डॉक्टरकडे न्यायचंच, कारण पापणी उलटून आतले कण काढावे लागतात. साध्या रंगानंतर तासाभराने मूल डोळा उघडतच नसेल, उजेडाकडे पाहायला नकार देत असेल, बुबुळावर पांढरट धूसर दिसत असेल किंवा पापण्या सुजत असतील, तर तेही लगेच.

अंघोळीत एक गंमत होते, तिने आई-बाप घाबरतात. पिवळ्या लापशीच्या गालावर साबणाची वडी फिरवली की गाल एकदम तांबडे होतात. रॅश आली, असं वाटतं. वडीच्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो आणि कातडीच्या बारीक रेषांत बसलेली हळद, वरच्या कागदासारखीच, त्यात लालसर होते. साध्या पाण्याने दोनदा धुतल्यावर ती लाली उतरली तर ती हळदच. राहिली, वर फुगवटा आला किंवा मूल खाजवू लागलं, तर ती कातडीची लाली आहे. म्हणून वडी न वापरता आधी कोरडं मऊ कापड, मग कोमट पाणी आणि बाळाचा सौम्य साबण, न घासता. उरलेला पिवळेपणा राहू द्या. कुर्कुमिन उन्हाने फिकतं, त्यामुळे कपड्यांवरचे डागही धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकले की बरेच जातात.

बेळगावात बहुतेक ठिकाणी धूळवडीला रंग खेळतात, आणि शहापूर-वडगाव भागात, जो शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होता, रंगपंचमीला. त्यामुळे अनगोळच्या पोराचं आजोळ शहापूरला असेल तर आठवडा उलटायच्या आत त्याला दुसऱ्यांदा रंग लागतो. मधले दिवस उपयोगी पडतात. धूळवडीनंतर दोन-तीन दिवसांत गालावर किंवा मानेवर खाजरे, बारीक पुरळाचे चट्टे उठले असतील, तर ती त्या रंगाची अ‍ॅलर्जी असू शकते आणि दुसऱ्या वेळी ती अधिक लवकर, अधिक जोरात उमटते. अशा पोराला रंगपंचमीला शहापूरला न्या, पुरणपोळी द्या, परातीत साधं पाणी द्या. चट्टे नसतील तर पळसाची फुलं पुन्हा ताजी आणायची आणि आदल्या रात्री उकळून ठेवायची, कारण धूळवडीचं उरलेलं पाणी एव्हाना ओतून दिलेलं असायला हवं.